बुडालेल्या तासासाठी : त्रैराशिकाचा एक छोटा पाठ



१६ एप्रिल २०२४ चा पाऊस आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. अल ऐनजवळ खतम अल शकला येथे एका दिवसाच्या आत २५४ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, रस्ते तुंबले आणि त्या आठवड्यात मुलांचे वर्ग घरून, पडद्यावर भरले. ज्या घरात दोन भावंडे आणि एकच चालू फोन होता, तिथे एकाचा तास बुडालाच. आपल्या अभ्यासवर्गात येणाऱ्या सातवी-आठवीच्या पाच-सहा मुलांचा नेमका प्रमाणावरच्या गणितांचा तास गेला. पुढे शाळेने तो धडा झाला असे धरले आणि ही मुले मागे राहिली. पाऊस हे त्या वेळचे निमित्त झाले. ताप, गावाकडचे लग्न, आईवडिलांची पाळीची नोकरी अशा कारणांनी कोणाचा ना कोणाचा हाच तास बुडत असतो.

म्हणून कार्यकारिणीने मला विचारले, की डॉक्टर, तुम्ही हा धडा फोनवर रेकॉर्ड करून द्याल का? मी निवृत्त माणूस, हो म्हणालो. चाळीस वर्षे औषधाच्या मात्रा काढण्यात गेली, त्यामुळे त्रैराशिक आपल्याला येते अशी घमेंडही होती. पहिला पाठ बावीस मिनिटांचा झाला. त्यात तिरकस गुणाकार होता, अकरा उदाहरणे होती आणि सगळी बरोबर सोडवलेली होती. मुलांनी तो पाहिला. मग मी परीक्षा म्हणून एक प्रश्न घातला : पाच जण मिळून एक आरती म्हणतात तेव्हा चार मिनिटे लागतात, तर दहा जण म्हणतील तेव्हा किती? तिघांनी उत्तर दिले आठ मिनिटे, दोघांनी दोन मिनिटे. चार मिनिटे म्हणणारी एकच मुलगी निघाली, आणि तिने पाठ पाहिलाच नव्हता!

चूक मुलांची नव्हती. मी गुणाकार कसा करायचा ते शिकवले होते, तो कधी करायचा ते शिकवलेच नव्हते. समोर वर्ग असता तर चेहरे बघून लगेच कळले असते. रेकॉर्ड केलेल्या पाठात चेहरे दिसत नाहीत, म्हणून मुलाच्या मनात येणारे चुकीचे उत्तर आपणच आधी पाठात आणावे लागते. हे लक्षात घेऊन मी पाठ पुन्हा लिहिला. आता तो आठ-नऊ मिनिटांचा आहे. त्याची संहिता खाली देत आहे. ज्यांना आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचा आहे त्यांनी तशीच वाचावी, आणि ज्यांना नातवंडांजवळ बसून शिकवायचे आहे त्यांनी आपल्या भाषेत सांगावी. कंसातल्या सूचना वाचायच्या नाहीत, करायच्या आहेत.

पाठ सुरू

मुलांनो, नमस्कार. वही आणि पेन्सिल घ्या. मी जेव्हा जेव्हा "थांबा" म्हणेन तेव्हा व्हिडिओ खरोखर थांबवा, उत्तर वहीत लिहा आणि मगच पुढे चालवा. घाई नाही, मी कुठे जात नाही.

आज गणित करायच्या आधी एक प्रश्न विचारायची सवय लावायची आहे. प्रश्न असा : एक गोष्ट वाढली तर दुसरीचे काय होते? ती वाढते, घटते, की आहे तशीच राहते? हा प्रश्न वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

(कागदावर मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून दहा सेकंद दाखवावा.)

आता लिंबू सरबत करू. आजीच्या मापाने ४ लिंबांना ६ चमचे साखर लागते. पाहुणे वाढले, लिंबे ६ घेतली. चव तशीच हवी आहे. साखर किती चमचे? थांबा.

लिहिलेत? तुमच्यापैकी काहींनी ८ लिहिले असेल. तुम्ही असा विचार केलात : लिंबे दोन वाढली, म्हणून चमचेही दोन वाढवले. हा विचार सगळ्यांच्या मनात येतो, मोठ्या माणसांच्याही. तो बरोबर आहे का ते तपासून बघू. समजा लिंबे दुप्पट केली, ४ ची ८. म्हणजे तेच सरबत दोनदा केले. मग साखरही दोनदा, ६ आणि ६, बारा चमचे. यात कोणाला शंका नाही ना? आता आपली ६ लिंबे ४ आणि ८ यांच्या बरोबर मध्ये आहेत. मग साखरही ६ आणि १२ यांच्या बरोबर मध्ये हवी. ती झाली ९. आठ चमचे घातले तर सरबत आंबट होईल.

असे का झाले? कारण वाढलेल्या प्रत्येक लिंबाला त्याच्या वाट्याची साखर हवी आहे. एका लिंबाला किती? ६ भागिले ४, म्हणजे दीड चमचा. ६ लिंबांना ६ गुणिले दीड, म्हणजे ९.

(कागदावर तीन ओळी, एकाखाली एक लिहाव्यात.)

४ लिंबे : ६ चमचे
१ लिंबू : दीड चमचा
६ लिंबे : ९ चमचे

मधली ओळ बघा. आधी एकावर यायचे, मग हव्या त्या संख्येवर जायचे. याला एकमान पद्धत म्हणतात. आणि एक वाढले की दुसरे त्याच पटीत वाढते, याला समप्रमाण म्हणतात. तुमच्या पुस्तकात डायरेक्ट प्रपोर्शन म्हटले असेल, ते हेच. प्रत्येक संख्येपुढे लिंबे, चमचे असे लिहायचे. ते लिहिले नाही तर तिसऱ्या ओळीत कशाला कशाने गुणले हे तुमचे तुम्हालाच कळत नाही.

आता मंदिराच्या स्वयंपाकघरात जाऊ. सत्यनारायणाच्या प्रसादाला सव्वा किलो रवा घेतला तर वाटीभर शिरा ५० जणांना पुरतो. या वेळी १२० जण येणार आहेत. रवा किती घ्यायचा? आधी कोपऱ्यातला प्रश्न विचारा, मग तीन ओळी लिहा. थांबा.

सव्वा किलो म्हणजे १२५० ग्रॅम. ५० जणांना १२५० ग्रॅम, म्हणून एकाला २५ ग्रॅम. १२० जणांना १२० गुणिले २५, म्हणजे ३००० ग्रॅम, तीन किलो. प्रसादात तूप आणि साखर रव्याइतकीच घेतात, म्हणून तीही तीन-तीन किलो.

आता दुसरा प्रश्न. सव्वा किलो रवा मोठ्या कढईत मंद आचेवर भाजायला समजा २० मिनिटे लागतात. तीन किलो रव्याला किती? थांबा.

४८ मिनिटे लिहिलेत का? तीन ओळी बरोबर मांडल्या की ४८ येतात, गुणाकारात चूक नाही. पण स्वयंपाकघरात जाऊन आजींना विचारा. एवढ्या रव्याला पातेले मोठे घेतले, शेगडी मोठी लावली, तर वेळ थोडाच वाढतो. लहान कढईत सगळा कोंबला तर खालचा रवा करपतो आणि वरचा कच्चा राहतो, मग किती मिनिटे हा प्रश्नच उरत नाही. म्हणजे रवा आणि वेळ यांचे असे पटीचे नाते नाही. संख्या दिल्या आहेत म्हणून गणित मांडता येते, पण उत्तराला अर्थ नसतो. कोपऱ्यातला प्रश्न याच्यासाठी आहे.

(येथे पाच सेकंद गप्प राहावे. मुलाला विचार करायला वेळ लागतो.)

आता माझ्या कामातले उदाहरण. मी डॉक्टर होतो. तापावर पॅरासिटामॉल नावाचे पातळ औषध देतात, ते तुम्ही प्यायलेले असाल. लहान मुलाला एका वेळी किती द्यायचे हे वजनावर ठरते. दर किलोला १५ मिलिग्रॅम औषध, असा एक नेहमीचा हिशेब आहे. मुलाचे वजन १६ किलो. एका वेळचे औषध किती? थांबा.

वजन वाढले की औषध वाढते, म्हणून समप्रमाण. १ किलोला १५, म्हणून १६ किलोला २४० मिलिग्रॅम. इथवर सोपे.

पण मिलिग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत. आपण मोजतो ते मिलिलिटर, बाटलीच्या मापाने. आणि हे औषध दोन प्रकारच्या बाटल्यांत मिळते. एका बाटलीवर लिहिलेले असते, ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम. दुसरीवर लिहिलेले असते, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. दुसरी बाटली दुपटीहून थोडी जास्त तीव्र. या मुलाला पहिल्या बाटलीतले किती मिलिलिटर आणि दुसऱ्या बाटलीतले किती? थांबा.

पहिली बाटली. ५ मिलिलिटरमध्ये १२०, म्हणून २४० साठी १० मिलिलिटर. दुसरी बाटली. ५ मिलिलिटरमध्ये २५०, म्हणून १ मिलिलिटरमध्ये ५०. मग २४० साठी २४० भागिले ५०, म्हणजे ४.८ मिलिलिटर. एक मापभर, किंचित कमीच.

(दोन रिकाम्या बाटल्या शेजारी ठेवून चिठ्ठीवरचा आकडा कॅमेऱ्यासमोर धरावा.)

आता कोपऱ्यातला प्रश्न विचारा. औषधाची तीव्रता वाढली तर द्यायच्या मिलिलिटरचे काय होते? घटतात. एक वाढते तेव्हा दुसरे त्याच पटीत घटते, याला व्यस्तप्रमाण म्हणतात, पुस्तकात इन्व्हर्स प्रपोर्शन. यात न बदलणारी गोष्ट शोधायची. इथे मुलाला लागणारे २४० मिलिग्रॅम बदलत नाहीत. पहिल्या बाटलीत दर मिलिलिटरला २४, गुणिले १० मिलिलिटर, २४०. दुसरीत दर मिलिलिटरला ५०, गुणिले ४.८, पुन्हा २४०. समप्रमाणात भागाकार सारखा राहतो, जसा प्रत्येक लिंबाला दीड चमचा. व्यस्तप्रमाणात गुणाकार सारखा राहतो. दोन्हींतला फरक ओळखायची हीच खूण.

हेच कोडे भास्कराचार्यांनी धान्यावर घातले होते. त्यांचा लीलावती हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. त्यात एक रास आहे. ती सात आढकांच्या मापाने मोजली तर शंभर मापे भरते. पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती मापे भरतील? आढक म्हणजे धान्य मोजायचे जुने एकक. माप लहान झाले, रास तीच. थांबा.

१४० मापे. रास ७ गुणिले १००, म्हणजे ७०० आढक, आणि ७०० भागिले ५. लहान मापाने जास्त वेळा भरावे लागते, हे गणित न करताही कळते. म्हणून उत्तर १०० पेक्षा मोठे यायला हवे, हे आधी ठरवून ठेवा. ७१ वगैरे आले तर आपण उलटे मांडले, हे लगेच पकडता येते.

शेवटची एकच गोष्ट. वजनाप्रमाणे औषध हा हिशेब मुलांपुरता आहे. ९० किलो वजनाच्या काकांना त्याच नियमाने किती होईल? ९० गुणिले १५, म्हणजे १३५० मिलिग्रॅम. पण मोठ्या माणसालाही एका वेळी १००० मिलिग्रॅमच्या पुढे देत नाहीत. म्हणजे हे समप्रमाण एका हद्दीपर्यंत चालते, पुढे थांबते. पुस्तकातल्या गणितात हद्द लिहिलेली नसते, ती तुम्ही विचारायची.

आता तीन गणिते. एक, ८ हारांना ६ किलो झेंडू लागतो, तर २० हारांना किती? दोन, ६ स्वयंसेवक प्रसादाची सगळी पाकिटे ४० मिनिटांत भरतात, तर ८ स्वयंसेवक किती मिनिटांत भरतील? तीन, ५ जण एक आरती ४ मिनिटांत म्हणतात, तर १० जण किती मिनिटांत? प्रत्येक उत्तराआधी कोपऱ्यातल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात लिहा : वाढते, घटते किंवा तसेच.

पाठ संपला

आजी-आजोबांसाठी आता थोडे वेगळे बोलतो. औषधाच्या बाटल्यांचे उदाहरण मी हौसेने घातलेले नाही. माझ्या नोकरीतल्या शेवटच्या काही वर्षांत एक आजी पुण्याहून इथे मुलाकडे आल्या होत्या. नातवाला ताप आला. सून कामावर होती. घरातली बाटली संपली होती, पण तिच्यासोबत मिळालेले माप आणि "एका वेळी १० मिलिलिटर" ही फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी शिल्लक होती. आजींनी आपल्या पिशवीतली भारतातून आणलेली बाटली काढली. औषध तेच, रंग जवळपास तोच, चिठ्ठीतले माप तेच. फक्त ही बाटली २५० ची होती आणि चिठ्ठी १२० च्या बाटलीसाठी लिहिलेली होती.

मूल १६ किलोचे. त्याला एका वेळी २४० ऐवजी ५०० मिलिग्रॅम गेले. दिवसातून चार वेळा म्हणजे २००० मिलिग्रॅम. १६ ने भागा, दर किलोला १२५ मिलिग्रॅम. एका वेळी १५ या हिशेबाने चार वेळांचे ६० व्हायला हवे होते. असे एखाद्या वेळी झाले तर बहुधा काही होत नाही, पण दोन-तीन दिवस चालले तर यकृताला इजा होऊ शकते. आणि वाईट म्हणजे सुरुवातीला मूल बरे दिसते. ताप उतरलेला असतो, फार तर मळमळ, अन्नावर वासना नाही. ते तापाचेच म्हणून सोडून दिले जाते. या मुलाच्या बाबतीत तिसऱ्या मात्रेनंतर सुनेने बाटली पाहिली आणि लगेच घेऊन आली. रक्त तपासले, थोडा वेळ ठेवून घेतले, मूल सुखरूप घरी गेले. आजी मात्र कोपऱ्यात बसून रडत होत्या. मी त्यांना म्हणालो, "आजी, तुम्ही मोजून दिलेत, अंदाजाने नाही. फक्त मोजायच्या आधी बाटलीवरचा आकडा वाचायचा राहिला."

त्यांना तो आकडा वाचता येत नव्हता असे नाही, त्या निवृत्त शिक्षिका होत्या. मिलिलिटर म्हणजेच औषध असे त्यांनी धरले. आपण सगळेच धरतो. म्हणून हे गणित तुम्हीही नातवंडांबरोबर वहीत सोडवावे अशी माझी इच्छा आहे. एक मात्र स्पष्ट सांगतो. पाठातला हिशेब गणित शिकवण्यासाठी आहे, त्यावरून घरी मात्रा ठरवू नये. मुलाच्या हातातल्या बाटलीवर जे लिहिले आहे आणि त्याच्या डॉक्टरांनी जे सांगितले आहे तेच द्यावे. बाटली बदलली की जुनी चिठ्ठी फाडून टाकावी. दोन बाटल्यांची मापे एकमेकांत मिसळू नयेत.

लीलावतीचा उल्लेख आला म्हणून आपल्या न्यासाच्या सदस्यांना आवडेल अशी एक हकीकत सांगतो. चाळीसगावजवळ पाटण येथे भवानीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, १२०७ च्या सुमारास. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला काय मिळावे हे त्यात लिहिले आहे. इतक्या मालाला इतके, म्हणजे तिथेही प्रमाणच. हा लेख शोधून १८६५ मध्ये विद्वानांपुढे मांडणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉक्टर होते. मंदिराच्या आवारात गणित शिकवायला आम्ही काही नवे करतो आहोत असे कोणाला वाटत असेल तर आठशे वर्षांपूर्वीचा हा दाखला त्यांना दाखवावा. (आणि डॉक्टरांनी गणितात नाक खुपसण्याचाही.)

त्या जुन्या मांडणीत तीन राशींना नावे होती : प्रमाण, फल आणि इच्छा. ४ लिंबे हे प्रमाण, ६ चमचे हे फल, ६ लिंबे ही इच्छा. फलाला इच्छेने गुणायचे, प्रमाणाने भागायचे. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत हेच घोकले असेल, काळ-काम-वेगाच्या गणितांसकट. नातवंडांना ती नावे जरूर सांगा, पण एकमान पद्धतीची मधली ओळ समजल्यावर. मी आधी सूत्र दिले होते, त्याचे काय झाले ते वर लिहिलेच आहे. भास्कराचार्यांनीही व्यस्त त्रैराशिक वेगळे काढून ते कुठे लावायचे ते सांगितले आहे : सोन्याच्या कसात आणि राशी मोजण्यात. त्याच किमतीत कस जास्त असलेले सोने वजनाला कमी मिळते. दुबईला सोने घ्यायला जाणाऱ्या मंडळींना हे शिकवायची गरज नाही.

रेकॉर्ड करताना मला आलेल्या अडचणी दोनच. पहिली आवाजाची. इथल्या घरात वातानुकूलन यंत्राची घरघर आपल्या कानाला जाणवत नाही, फोनला जाणवते. रेकॉर्डिंगपुरते ते बंद ठेवावे लागते, आणि जुलैमध्ये नऊ मिनिटे म्हणजे काय हे मी सांगायला नको. म्हणून पाठ तीन तुकड्यांत करावा, लिंबे, शिरा आणि बाटल्या. मुलालाही नंतर हवा तेवढाच तुकडा पुन्हा पाहता येतो. दुसरी अडचण "थांबा"ची. त्यानंतर आपण लगेच बोललो तर मूल फोन थांबवत नाही, उत्तर ऐकून घेते आणि आपल्याला आले असे समजते. म्हणून "थांबा" म्हटल्यावर मनात सातपर्यंत मोजावे. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला की पुरतो, स्टँड लागत नाही.

आता न्यासाच्या वतीने विनंती. या कामाला पैसे नकोत. देणग्या गोळा करण्याबाबत या देशाचे नियम कडक आहेत, परवानगी असलेल्या संस्थेलाच त्या घेता येतात. तेव्हा कोणीही आपापल्या गटात या नावाने वर्गणी काढू नये. हवा आहे तो वेळ. मराठीत आणि हिंदीत स्पष्ट बोलणारे दोन-तीन सदस्य हवेत, शिक्षक असण्याची गरज नाही. शुक्रवारी संध्याकाळी आरतीनंतर तासभर मुलांच्या वह्या बघणारे आजी-आजोबा हवेत. काही मुलांचे आई-वडील दोघेही पाळीत काम करतात, त्यांच्या घरी पाठ आहे पण शेजारी बसायला कोणी नाही. अशा एका मुलाजवळ आठवड्यातून एकदा बसलात तरी पुरे. नाव मंदिराच्या कार्यालयातील नोंदवहीत लिहावे.

वह्या बघताना उत्तर चुकले असेल तर खोडू नका. मुलाला विचारा, "तू वाढते लिहिलेस की घटते?" निम्म्या चुका तिथेच सापडतात. राहिलेल्या निम्म्या बहुतेक एककाच्या असतात, किलो आणि ग्रॅम एकाच ओळीत मिसळलेले.

तीन गणितांची उत्तरे : पहिले, वाढते, १५ किलो झेंडू. दुसरे, घटते, ३० मिनिटे. मात्र आठही जणांना टेबलापाशी उभे राहायला जागा हवी, आणि ८० स्वयंसेवक आले तर ३ मिनिटांत काम होईल असे कोणी समजू नये. तिसरे, तसेच, ४ मिनिटे.